शेवटचे अडीचशे मीटर: सोलापुरातील एका नव्या जलवाहिनीची धुलाई आणि निर्जंतुकीकरण

पार्श्वभूमी

सोलापूरच्या हद्दवाढ भागातल्या एका वसाहतीसाठी उंच टाकीपासून 300 मिमी व्यासाची डीआय, म्हणजे डक्टाइल आयर्नची, पाईपलाईन टाकली गेली. लांबी 1400 मीटर. टाकीची क्षमता दहा लाख लिटर, आणि तिच्यावरून आधीच जुन्या वस्तीला पाणी जात होतं. नव्या लाईनवर 1150 मीटरच्या सुमारास ओढा लागतो. सखल जागा म्हणून तिथे लाईन रिकामी करण्यासाठी 100 मिमीचा वॉशआउट व्हॉल्व्ह बसवला होता. लाईन ओढा ओलांडून अडीचशे मीटर पुढे जाते आणि पुढच्या टप्प्याच्या जोडणीसाठी ठेवलेल्या ब्लँक फ्लँजवर, म्हणजे बंद झाकणावर, संपते. हे शेवटचे अडीचशे मीटर लक्षात ठेवा, सगळं प्रकरण त्यांच्याभोवती फिरतं.

पाईप टाकण्याचं काम पावसाळ्यात रेंगाळलं होतं. इथली काळी माती भिजली की चरात उतरायलाच नको. काम थांबलं की पाईपच्या उघड्या तोंडाला टोपण लावावं हे निविदेत होतं. प्रत्यक्षात कधी गोणपाट कोंबला जायचा, कधी तोही नसायचा. पुढे हायड्रो टेस्ट झाली, दाब टिकला, कागद सह्या होऊन आले. टेस्टचं पाणी टँकरने आणलेलं विहिरीचं होतं आणि ते लाईनमध्येच उभं होतं.

ठेकेदाराच्या दृष्टीने आता फक्त "टीसीएल मारून", म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकून, लाईन चालू करायची राहिली होती. उद्घाटनाची तारीखही ठरली होती. आमच्याकडे त्रयस्थ तपासणीचं काम होतं, म्हणजे सही आमची लागणार होती.

प्रश्न नेमका काय होता

निविदेत याबद्दल एकच ओळ होती: लाईन धुऊन, क्लोरिनेट करून द्यावी. किती वेगाने धुवायची, क्लोरीन किती, किती तास, पाणी कुठे सोडायचं, यातलं काहीच नाही. आम्ही अमेरिकन वॉटर वर्क्स असोसिएशनच्या सी651 या मानकाचा आधार धरला. त्यातली सलग डोसाची पद्धत समजायला सोपी आहे. आधी सेकंदाला साधारण 0.9 मीटर वेगाने धुलाई करायची. मग लिटरला 25 मिलिग्रॅम क्लोरीनचं पाणी भरून 24 तास ठेवायचं, आणि त्यानंतर कुठेही 10 मिलिग्रॅमपेक्षा कमी उरता कामा नये.

सोलापुरात यातली पहिली अट जड जाते. 300 मिमीच्या पाईपमध्ये 0.9 मीटरचा वेग हवा तर सेकंदाला जवळपास 64 लिटर पाणी सोडावं लागतं. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या वस्तीसमोर तासभर असं पाणी ओढ्यात सोडायचं म्हणजे भांडणाला आमंत्रण. त्यामुळे जुन्या वस्तीची पाळी नसलेला दिवस निवडला, टाकी आदल्या रात्री भरून घेतली आणि धुलाईचं पाणी शक्य तितकं ठेकेदाराच्या टँकरमध्ये भरून चर दाबण्याच्या कामाला वळवायचं ठरलं.

पहिली धुलाई

वॉशआउट उघडला. सुरुवातीला गढूळ, थोडं तांबूस पाणी आलं आणि पाऊण तासात स्वच्छ झालं. चावीवाल्याने बाटलीत धरून दाखवलं, "काच झालंय की ओ साहेब." खरंच काच झालं होतं.

पण वेग किती होता? लाईनवर मीटर नव्हता, म्हणून टाकीच्या पातळीवरून हिशेब काढला. टाकी आतून 16 मीटर व्यासाची, म्हणजे पातळी एक सेंटीमीटर उतरली की दोन हजार लिटर गेले. दहा मिनिटांत पातळी 11 सेंटीमीटर उतरली. सेकंदाला साधारण 37 लिटर, पाईपमधला वेग 0.52 मीटर. हव्या त्या वेगाच्या निम्म्याहून थोडा जास्त. लाईनमध्ये दाब होता, अडत होतं ते 100 मिमीच्या तोंडाशी आणि त्याच्या पुढे ओढ्यापर्यंत गेलेल्या वळणावळणाच्या पाईपशी.

इथे पहिला निर्णय आला. पाणी स्वच्छ दिसतंय, पुढे जायचं का? वेग कमी असला तर हलकी माती निघून जाते, पण वाळूचे कण आणि अस्तराच्या सिमेंटचे तुकडे तळाशीच बसून राहतात. त्यांच्यावरून स्वच्छ पाणी खुशाल वाहत राहतं. आम्ही हा मुद्दा लेखी दिला. ठेकेदाराचं म्हणणं होतं की कमी वेगाची भरपाई जास्त वेळाने होईल, आणि तासभर धुलाई झालीच आहे. विभागाच्या अभियंत्यांनी तारखेकडे बघून पुढे जायला संमती दिली. 24 तासांनंतरचा क्लोरीन बसला नाही तर पुन्हा धुवायचं, या अटीवर. अट आमची होती आणि पुढे तीच कामाला आली.

डोस कसा ठरला

पद्धतींचा विचार फार वेळ चालला नाही. गोळ्या पाईपला आतून चिकटवण्याची पद्धत पाईप टाकतानाच वापरायची असते, ती बाद. लिटरला 100 मिलिग्रॅमचा एक लोंढा लाईनमधून हळूहळू सरकवत न्यायचा आणि प्रत्येक जागी तीन तास संपर्क द्यायचा, ही पद्धत मोठ्या व्यासाच्या लांब लाईनला परवडते. आमची लाईन छोटी होती आणि इतकं तीव्र पाणी हाताळण्याचा कुणाला सराव नव्हता. म्हणून 25 मिलिग्रॅम आणि 24 तास.

लाईनमध्ये 99 घनमीटर पाणी मावतं. घनमीटरला 25 ग्रॅम या हिशेबाने अडीच किलोच्या आसपास निव्वळ क्लोरीन लागणार. ताज्या टीसीएल पावडरमध्ये तेहतीस टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, म्हणजे साडेसात किलो पावडर पुरेल असा ठेकेदाराचा हिशेब. गोणी मात्र पत्र्याच्या शेडमध्ये पडून होती, आणि सोलापूरच्या उन्हात पत्र्याखाली टीसीएलचं काय होतं हे पाणीपुरवठ्यातल्या माणसाला सांगायला नको. नमुना जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत पाठवला. तिथल्या रसायनतज्ज्ञ मॅडमनी आकडा कळवला, 22 टक्के. साडेसात किलोवर थांबलो असतो तर डोस 25 ऐवजी 17 मिलिग्रॅमच्या आत पडला असता. सव्वाअकरा किलो लागणार होते. वाया जाणारा भाग धरून 13 किलो घेतले.

पावडर थेट पाईपमध्ये टाकायची नसते. तिच्यातला चुना विरघळत नाही, तो तळाशी जाऊन बसतो, आणि आपण तर तळ साफ करायला निघालेलो असतो. प्लास्टिकच्या ड्रममध्ये पावडर कालवून रात्रभर निवळू दिली आणि वरचं नितळ पाणी, एक टक्क्याच्या आसपासचं, दुसऱ्या ड्रममध्ये काढून घेतलं.

जुन्या वस्तीचं पाणी वाचवणं

मला या कामात सगळ्यात जास्त धास्ती याची होती. नवी लाईन टाकीच्या आउटलेटवर एका स्लुस व्हॉल्व्हने जोडलेली होती. "व्हॉल्व्ह बंद करतो की," असं ठेकेदाराचा सुपरवायझर म्हणाला. स्लुस व्हॉल्व्ह बंद केला तरी त्यातून थोडंफार पाणी पास होतंच. त्यात भर म्हणजे आपल्याकडे पाळीपाळीने पाणी सोडतात. पाळी संपली की जुन्या वस्तीची लाईन रिकामी होते, आणि रिकामी होताना ती ओढते. अशा वेळी 25 मिलिग्रॅमचं पाणी पलीकडे गेलं तर ते कुणाच्या तरी हंड्यात जाणार.

म्हणून व्हॉल्व्हच्या पुढच्या फ्लँजमध्ये लोखंडी ब्लँक प्लेट टाकून लाईन तोडली आणि 80 मिमीच्या तात्पुरत्या बायपासमधून पाणी घेतलं. त्यावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि त्याच्या पुढे क्लोरीन सोडण्याची जागा. टाकीजवळ वीज असल्याने डोसिंग पंप चालवता आला. प्लेट टाकायला अर्धा दिवस गेला, त्यावरून कुरकुरही झाली.

शेवटच्या टोकाला ब्लँक फ्लँजवर 50 मिमीचा नळ होता, तो उघडा ठेवून सेकंदाला आठ लिटरच्या धिम्या गतीने भरायला घेतलं. धिम्या गतीने, कारण घाई केली की उंचवट्यावर हवा अडकते आणि पाईपच्या वरच्या भागाला क्लोरीनचं पाणी लागतच नाही. आठ लिटरच्या प्रवाहाला 25 मिलिग्रॅमसाठी एक टक्क्याचं द्रावण मिनिटाला 1.2 लिटर लागतं. साडेतीन तासांनी टोकाच्या नळाला क्लोरीनचा वास आला, आणि 24 मिलिग्रॅम दिसल्यावर सगळं बंद केलं.

इतका क्लोरीन मोजताना एक गफलत हमखास होते. डीपीडीची गोळी जास्त क्लोरीनमध्ये टाकली की गुलाबी रंग येतो न येतो तोच उडून जातो, पाणी पांढरं दिसतं आणि माणूस क्लोरीन शून्य असं लिहून मोकळा होतो. त्यामुळे पाच मिलिलिटर नमुना डिस्टिल्ड वॉटर घालून शंभर मिलिलिटर करायचा, मोजायचा आणि विसाने गुणायचं.

24 तासांनंतर

सुरुवातीला 18, मध्यावर 15 आणि टोकाला 3.

टोकाचा नमुना पुन्हा घेतला, तोच आकडा. भरताना 24 दिसलेलं पाणी एका दिवसात तिनावर आलं, म्हणजे तिथे क्लोरीन खाणारं काहीतरी होतं. नकाशा पुढ्यात घेतल्यावर कारण शोधावं लागलं नाही. धुलाई वॉशआउटमधून झाली होती आणि वॉशआउट 1150 मीटरवर आहे. त्याच्या पुढच्या अडीचशे मीटरमध्ये धुलाईच्या वेळी पाणी हललंच नव्हतं. बाटलीतलं काचेसारखं पाणी वॉशआउटच्या अलीकडचं होतं, पलीकडच्या भागाबद्दल ते काहीच सांगत नव्हतं. वेगाचा वाद आम्ही घातला, पण त्याहून मोठं भोक नकाशात होतं.

पर्याय तीन होते.

एक, टोकाकडून आणखी टीसीएल घालून डोस दुप्पट करायचा. ठेकेदाराला हे हवं होतं, कारण यात एकच दिवस जाणार होता. पण क्लोरीन चिखलाच्या पृष्ठभागावर काम करतो. आतल्या थरापर्यंत पोचण्याआधीच तो मातीतल्या सेंद्रिय पदार्थांवर खर्च होतो. आकडा एकदा बसवता आला असता, घाण मात्र तिथेच राहिली असती आणि पुढे वर्षभर हळूहळू नळाला आली असती.

दोन, फोमचा पिग, म्हणजे पाईपमध्ये घट्ट बसणारा बोळा, ढकलत नेऊन लाईन खरवडायची. पाणी सगळ्यात कमी लागतं आणि काम चोख होतं. मात्र पिग घालायला आणि काढायला पाईप कापावा लागला असता, शिवाय पिग पुण्या-मुंबईहून मागवावा लागला असता.

तीन, टोकाचा ब्लँक फ्लँज काढून तिथे 150 मिमीचं तात्पुरतं तोंड बसवायचं आणि पूर्ण लाईन हव्या त्या वेगाने टोकापर्यंत धुवायची. हाच मार्ग घेतला. तो फसला तर पिग मागवायचा असंही ठरवून ठेवलं. उद्घाटनाची तारीख पुढे गेली.

आधी क्लोरीनच्या पाण्याची सोय

धुलाई नंतर, कारण लाईनमध्ये सरासरी चौदा-पंधरा मिलिग्रॅमचं सुमारे एक लाख लिटर पाणी उभं होतं. टोकाशी रस्त्याकडेचं पावसाळी गटार, ते ओढ्याला मिळतं आणि ओढा पुढे पाझर तलावाला. तलावात मासे आहेत, म्हशी उतरतात. माशांना लिटरला मिलिग्रॅमच्या दहाव्या हिश्शाइतका क्लोरीनही घातक ठरतो, त्यामुळे तसंच सोडून देणं शक्य नव्हतं. भुयारी गटार जवळ नव्हतं. टँकरने नेऊन रस्त्यावर शिंपडा असंही कुणी सुचवलं, पण दहा टँकर पाणी नव्याने लावलेल्या झाडांच्या मुळाशी जाणार नाही याची हमी कोण देणार.

सोडियम थायोसल्फेट वापरायचं ठरलं. बाजारात ते हायपो म्हणून मिळतं. तक्त्यात एक भाग क्लोरीनला साधारण दीड भाग असं प्रमाण दिलेलं असतं. प्रत्यक्षात पाण्याच्या पीएचनुसार ते बरंच वाढतं, म्हणून तक्त्यावर न थांबता बादलीत करून पाहिलं. सुरुवातीच्या टोकाचं वीस लिटर पाणी घेतलं, त्यात 360 मिलिग्रॅम क्लोरीन. हायपोचं द्रावण थोडं थोडं घालत गेलो. क्लोरीन शून्यावर यायला एक ग्रॅम लागला. म्हणजे एकास पावणेतीन. पूर्ण लाईनला पाच किलो पुरणार होते, दहा किलो जवळ ठेवले.

गटाराच्या अलीकडे तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि मीटरभर खोल खड्डा घेऊन आत प्लास्टिक अंथरलं. टोकाच्या नळातून सेकंदाला पाच लिटर पाणी खड्ड्यात, त्याच धारेवर ड्रममधून दहा टक्क्यांचं हायपो मिनिटाला दीडशे मिलिलिटर. खड्ड्याच्या पलीकडच्या कडेला दर पंधरा मिनिटांनी क्लोरीन तपासायचा, दिसला तर नळ आवळायचा. सगळं पाणी जायला साडेपाच तास लागले. हायपो सैल हातानेही टाकून चालत नाही. जास्तीचा हायपो पुढे ओढ्याच्या पाण्यातला प्राणवायू खातो.

त्या साडेपाच तासांत खरा त्रास झाला तो वेगळाच. पाणी वाहताना दिसलं आणि बायका घागरी, मुलं कॅन घेऊन आली. पाळीला तीन दिवस बाकी असताना समोर नितळ पाणी जातंय आणि कुणीतरी अनोळखी माणूस "घेऊ नका" म्हणतोय, यावर कोण विश्वास ठेवणार? "मावशी, औषधाचं पाणी आहे" हे एका सुपरवायझरने सांगून भागेना. शेवटी त्याच वस्तीतल्या चावीवाल्याला तिथे उभं केलं आणि पिण्याच्या पाण्याचा एक टँकर कोपऱ्यावर लावला, तेव्हा गर्दी तिकडे वळली.

दुसरी धुलाई आणि निकाल

ब्लँक फ्लँज उघडल्यावर आधी वास आला, कुजलेल्या मातीचा. 150 मिमीच्या तोंडाखाली वाळूची पोती रचली होती, धारेने गटार खणलं जाऊ नये म्हणून. पाणी सोडल्यावर पहिली काही मिनिटं काळं-तपकिरी पाणी, सिमेंटचे खपले, खडी, आणि गोणपाटाचा एक हातभर तुकडा. टाकीची पातळी दहा मिनिटांत 21 सेंटीमीटर उतरत होती, म्हणजे सेकंदाला 70 लिटर आणि वेग मीटरच्या आसपास. तासाच्या थोडं आत थांबलो, तोवर लाईनच्या दुप्पट पाणी निघून गेलं होतं. या वेळी नितळ दिसणाऱ्या पाण्यावर न थांबता पांढऱ्या बादलीत नमुना अर्धा तास ठेवून तळाला कण बसतात का तेही पाहिलं.

मग पुन्हा दोन्ही टोकांना ब्लँक, पुन्हा 25 मिलिग्रॅम, पुन्हा 24 तास. आकडे आले 19, 17 आणि 14. त्याच पद्धतीने हायपो घालून पाणी बाहेर काढलं, लाईनमधला क्लोरीन टाकीतल्या पाण्याइतका होईपर्यंत. जीवाणू तपासणीचे नमुने चार ठिकाणांहून, 24 तासांच्या अंतराने दोनदा घेतले. बाटल्यांमध्ये प्रयोगशाळेने थायोसल्फेट घालून दिलं होतं. ते नसेल तर उरलेला क्लोरीन वाटेतच जीवाणू मारतो आणि अहवाल खोटा चांगला येतो. दोन्ही वेळा शंभर मिलिलिटरमध्ये कोलिफॉर्म आढळले नाहीत, गढूळपणा एक एनटीयूच्या आत. त्यानंतरच ब्लँक प्लेट कायमची काढली.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्या कामात साडेसात लाख लिटरच्या आसपास पाणी गेलं. पहिलीच धुलाई टोकातून झाली असती तर सव्वाचार लाखांत भागलं असतं. तेहतीस टँकरचा हा फरक आराखड्यातल्या एका त्रुटीमुळे पडला. सखल जागी वॉशआउट हवाच, पण तो लाईन रिकामी करण्यासाठी असतो. धुलाईसाठी शेवटच्या टोकाला, पुरेशा व्यासाचं तोंड वेगळं लागतं. 300 मिमीच्या लाईनला 100 मिमीचं तोंड ठेवताना त्यातून किती पाणी येईल हा हिशेब आराखड्याच्या टेबलावर दहा मिनिटांत झाला असता.

वेगाच्या मुद्द्यावर अट घालून पुढे जाऊ देणं बरोबर होतं का, यावर आमच्यात अजून एकमत नाही. माझं मत असं की टोकाचा नमुना सक्तीचा केला होता म्हणून ती अट चालली. नमुने फक्त सुरुवात आणि मध्यावरून घेतले असते तर 18 आणि 15 बघून लाईन चालू झाली असती. माझे सहकारी म्हणतात की वेग बसला नव्हता तिथेच थांबायला हवं होतं, क्लोरीनचा एक पूर्ण फेरा वाचला असता. पाण्याच्या हिशेबात त्यांचं बरोबर आहे.

पाईपची तोंडं बंद ठेवण्याबद्दल निविदेत ओळ होतीच, पण तिला पैसे जोडलेले नव्हते. आता पुढच्या टप्प्याच्या मसुद्यात टोपण हा वेगळा नग आहे, आणि संध्याकाळी काम थांबताना बंद तोंडाचा फोटो दिल्याशिवाय त्या दिवसाच्या लांबीचं माप मोजवहीत चढत नाही.

त्या टप्प्यात जुन्या टोकाला नवा पाईप जोडला जाईल तेव्हा जोडणीचा तुकडा चालू लाईनवर बसेल, त्याला 24 तासांचा संपर्क देणं शक्य होणार नाही. त्यासाठी तुकडा, रबर रिंग आणि फ्लँज आतून एक टक्क्याच्या क्लोरीन द्रावणाने पुसून घेऊन मगच बसवायचे, चरात पाणी साचलं असेल तर आधी ते उपसायचं, आणि जोडणीनंतर त्याच 150 मिमीच्या तोंडातून धुवायचं. ते तोंड आम्ही काढलं नाही. त्याच्यावर चेंबर बांधून व्हॉल्व्ह बसवला आहे.